जुन्या गाडीतला सिगारेटचा वास: अत्तराने झाकतो, पुसण्यानेच जातो

हिवाळ्यात घेतलेली सेकंडहँड कार एप्रिलमध्ये अचानक सिगारेटसारखी का वासू लागते? हा वास नेमका कुठे लपतो, तो काढण्याचा योग्य क्रम कोणता आणि खारपाणपट्ट्यातल्या भातकुलीसारख्या ठिकाणी गाडी धुताना कोणत्या पाण्यापासून जपायचे, याचा हा आढावा.

समजा, भातकुलीच्या एका कुटुंबाने डिसेंबरमध्ये अमरावतीहून आठ वर्षे वापरलेली छोटी पेट्रोल कार घेतली. सकाळच्या थंडीत गाडी पाहिली, काचा उघड्या होत्या, आरशाला लिंबाच्या वासाची बाटली लटकत होती. इंजिन ठीक, टायर ठीक, सौदा झाला. एप्रिलमध्ये आजीला दवाखान्यात न्यायला दुपारी गाडीचे दार उघडले, तर आतून शिळ्या सिगारेटचा भपकारा आला. घरात सिगारेट कोणी ओढत नाही. आजीला दम्याचा त्रास. “गाडी तं मस्त हाय, पण हा वास कायचा येऊन रायला?” असा प्रश्न पडला आणि पहिला उपाय झाला तो बाजारातून नवे एअर फ्रेशनर आणण्याचा. दोन दिवसांनी गाडीत सिगारेट आणि मोगरा असे दोन्ही वास एकत्र येऊ लागले.

हे उदाहरण कल्पित असले तरी त्यातली प्रत्येक पायरी जुन्या गाड्यांच्या बाबतीत नेहमी घडते. चूक एकाच समजुतीत आहे. वास हवेत आहे, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो हवेत नसतो, गाडीच्या आतल्या पृष्ठभागांवर बसलेला असतो.

वास नेमका कुठे असतो?

सिगारेटचा धूर म्हणजे नुसता वायू नव्हे. त्यात डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म कण आणि चिकट डांबरासारखे थेंब असतात. ते गाडीच्या बंद जागेत छतावर, काचांवर, डॅशबोर्डवर, सीटच्या कापडात आणि एसीच्या आत जाऊन बसतात. रोज थोडे थोडे करत त्याचा पिवळसर-तपकिरी थर तयार होतो. या थरात निकोटिन असते आणि वासाची इतर अनेक रसायनेही असतात.

हा थर थंडीत शांत असतो. तापमान वाढले की त्यातली रसायने हळूहळू वाफ होऊन हवेत येतात. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीतले तापमान तासाभरात बाहेरच्यापेक्षा सुमारे २० अंशांनी वाढू शकते. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात बाहेरच ४३-४४ अंश असतील, तर आत ६० च्या पुढे जायला वेळ लागत नाही. म्हणूनच डिसेंबरात न जाणवलेला वास एप्रिलमध्ये उसळतो. पावसाळ्यातही तेच होते, तिथे कारण ओलावा असते. दमट हवेत कापड आणि स्पंज ओलावा धरतात आणि त्यात अडकलेला वास पुन्हा बाहेर पडतो.

यातून एक साधा निष्कर्ष निघतो. थर जोवर जागेवर आहे, तोवर हवा कितीही बदलली तरी वास परत येणार. फ्रेशनर, कापूर, अगरबत्ती, कॉफीची पूड, लिंबाच्या फोडी यातले काहीही थर काढत नाही. अगरबत्ती आणि धूप तर गाडीत नव्या धुराचा नवा थर चढवतात, शिवाय आग लागण्याचा धोका वेगळाच.

हा फक्त वासाचा प्रश्न आहे का?

नाही. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कले राष्ट्रीय प्रयोगशाळेतील संशोधकांनी २०१० मध्ये दाखवून दिले, की पृष्ठभागावर बसलेले निकोटिन हवेतल्या नायट्रस आम्लाशी संयोग पावून तंबाखूशी संबंधित नायट्रोसामाइन तयार करते. या गटातली काही रसायने कर्करोगकारक म्हणून ओळखली जातात. नायट्रस आम्ल गाड्यांच्या इंजिनातूनही बाहेर पडते. याच अभ्यासात, भरपूर सिगारेट ओढणाऱ्या एका व्यक्तीच्या ट्रकच्या आतल्या पृष्ठभागांवर अशी रसायने मोजण्याइतकी आढळली. सिगारेट विझल्यावर मागे राहणाऱ्या या अवशेषाला ‘थर्डहँड स्मोक’ म्हणतात. सीटवर रांगणारे, पट्टा चोखणारे आणि मग तोच हात तोंडात घालणारे लहान मूल याच्या सर्वांत जवळ असते. त्यामुळे वास झाकला गेला म्हणजे काम झाले, असे होत नाही. थर निघाला पाहिजे.

आधी निदान: वास येतो कुठून?

सफाईला लागण्याआधी अर्धा दिवस तपासणीला द्यावा. आधी गाडीतले फ्रेशनर, लटकवलेल्या बाटल्या, पावडरचे डबे सगळे बाहेर काढावेत. नंतर तीन चाचण्या कराव्यात.

पहिली चाचणी पांढऱ्या कापडाची. जुने पांढरे सुती कापड कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळावे आणि पुढच्या काचेच्या आतल्या बाजूवर, छताच्या कोपऱ्यात आणि चालकाच्या दारावर एकेक वीतभर जागा पुसावी. कापडावर आलेला रंग करडा किंवा काळा असेल, तर ती धूळ. पिवळा किंवा चहासारखा असेल, तर तो सिगारेटचा थर.

दुसरी चाचणी उन्हाची. काचा बंद करून गाडी दोन-तीन तास उन्हात ठेवावी. मग एसी न लावता दार उघडून पहिला श्वास घ्यावा. त्यात जोरदार वास आला, तर मुख्य साठा छत, सीट आणि गालिच्यात आहे.

तिसरी चाचणी एसीची. दारे थोडा वेळ उघडी ठेवून गाडीतली हवा जाऊ द्यावी. मग एसी सुरू करून जाळीजवळ नाक न्यावे. सुरुवातीच्या काही क्षणांत जाळीतून भपका आला आणि नंतर ओसरला, तर साठा एसीच्या कूलिंग कॉइलवर किंवा फिल्टरमध्ये आहे.

या चाचण्या शक्यतो सिगारेट न ओढणाऱ्या आणि त्या गाडीत रोज न बसणाऱ्या माणसाकडून करून घ्याव्यात. आपले नाक काही मिनिटांतच ओळखीच्या वासाला सरावते आणि मग ‘गेला बुवा वास’ असे वाटू लागते.

पाण्याची गोष्ट: भातकुलीत इथेच घोळ होतो

भातकुली तालुका पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात येतो. इथल्या अनेक विहिरी आणि बोअरचे पाणी खारट असते. गाडीचा पत्रा अशा पाण्याने धुतला तर पांढरे डाग पडतात, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. सीटवर मात्र तेच पाणी सर्रास वापरले जाते. त्यात दोन अडचणी होतात. एक म्हणजे जड पाण्यात साबणाचा नीट फेस होत नाही आणि साबणाचा चोथा कापडात अडकतो. दुसरी म्हणजे पाणी वाळल्यावर क्षार मागे राहतात. क्षार हवेतला ओलावा ओढतात, त्यामुळे पावसाळ्यात सीट दमट राहते आणि वासाला पुन्हा वाट मिळते.

म्हणून आतल्या सफाईला धरणाच्या योजनेचे नळाचे पाणी किंवा आरओचे पाणी घ्यावे. सगळ्या कामाला १५ ते २० लिटर पुरते. ज्याच्याकडे गाडी धुवायला द्यायची, त्यालाही आतल्या कामासाठी हे पाणी कॅनमध्ये भरून द्यायला हरकत नाही.

काम कोणत्या क्रमाने करायचे?

क्रम वरून खाली आणि कोरड्याकडून ओल्याकडे. सीट आधी धुतली आणि छत नंतर पुसले, तर छतावरची घाण धुतलेल्या सीटवर पडते. एसी आधी साफ करून नंतर सीट केली, तर सीटमधला वास पुन्हा एसीत ओढला जातो. एसीची पाळी म्हणूनच शेवटची.

साहित्य साधे आहे. १५-२० जुनी सुती कापडे किंवा मायक्रोफायबरची फडकी, मऊ ब्रश, दोन बादल्या, भांडी धुण्याचे द्रव, किराणा दुकानात मिळणारे पांढरे व्हिनेगर, खाण्याचा सोडा आणि व्हॅक्यूम क्लीनर. दोन द्रावणे बनवायची. एक लिटर कोमट पाण्यात भांडी धुण्याचे द्रव चहाचा एक चमचा, हे साबणाचे पाणी. एक भाग व्हिनेगर आणि तीन भाग पाणी, हे दुसरे.

व्हिनेगर का, याला कारण आहे. निकोटिन हा अल्क गुणाचा पदार्थ आहे. आम्लाशी संयोग झाला की त्याचा क्षार बनतो. हा क्षार पाण्यात सहज विरघळतो आणि हवेत उडत नाही. म्हणजे व्हिनेगर वास झाकत नाही, तर निकोटिन कापडाने पुसून नेण्याजोगे करते. त्यामुळे व्हिनेगर फवारून सोडून देण्यात अर्थ नाही. त्यानंतर साध्या पाण्याच्या कापडाने पुसावेच लागते. व्हिनेगरचा स्वतःचा वास एक-दोन दिवसांत उडून जातो.

इथे दोन गोष्टी पाळाव्यात. व्हिनेगर आणि कपडे पांढरे करण्याचे क्लोरीनयुक्त ब्लीच कधीही एकत्र आणू नयेत, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडाही एकत्र मिसळू नये. फेस भरपूर येतो, पण दोघे एकमेकांचा परिणाम घालवतात.

पायरी पहिली: गाडी रिकामी करा

रबरी मॅट, कापडी मॅट, डिक्कीतला गालिचा, उश्या, सीट कव्हर, सगळे बाहेर काढावे. आपल्याकडे बहुतेक गाड्यांच्या मूळ सीटवर नंतर रेक्झिनचे कव्हर चढवलेले असते. वरून ते चकाचक दिसते, पण धूर शिवणीतून आणि कडांमधून आत जातो आणि मूळ कापडात साठतो. आधीच्या मालकाने सीटवर नवे कव्हर चढवून गाडी विकली असेल, तर वासाचा मोठा साठा त्याच्या खालीच सापडतो. खाली चिकटवलेले जाड मॅट असतील, तर तेही उचलून पाहावेत.

राखदाणी, दाराचे कप्पे, सीट आणि दार यांच्यामधली फट, सीटखालची पट्टी इथे राख आणि थोटके हमखास निघतात. सगळीकडे व्हॅक्यूम फिरवावे. राख ओली झाली की कापडात मुरते, म्हणून कोरडे काम पूर्ण झाल्याशिवाय पाण्याला हात लावू नये.

पायरी दुसरी: छत, सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात नाजूक

धूर गरम असल्याने वर जातो. त्यामुळे सर्वांत जास्त थर छताच्या कापडावर असतो आणि बहुतेक वॉशिंग सेंटरमध्ये हेच कापड सोडून दिले जाते. सोडण्याचे कारणही खरे आहे. छताचे कापड पातळ स्पंजवर गोंदाने चिकटवलेले असते. ते भिजले किंवा जोरात घासले, तर गोंद सुटतो आणि कापड पोटासारखे खाली लोंबू लागते. एकदा लोंबले की ते बदलण्यावाचून उपाय उरत नाही.

हे काम सकाळी, सावलीत करावे. तापलेल्या छताचा गोंद आधीच मऊ झालेला असतो. द्रावण छतावर फवारू नये, कापडावर फवारावे. कापड इतके पिळावे की त्यातून एक थेंबही पडता कामा नये. हातभर जागा घेऊन, हलक्या दाबाने, एकाच दिशेने पुसत जावे. आधी साबणाचे पाणी, मग व्हिनेगरचे, मग साधे पाणी आणि शेवटी कोरडे कापड. कापडाची बाजू सतत बदलावी. बादलीतले पाणी चहासारखे झाले की फेकून नवे घ्यावे.

फक्त चालकाच्या डोक्यावरचा भाग पुसून थांबू नये. तेवढाच चौकोन उजळ दिसतो आणि बाकीचे छत मळकट. पूर्ण छत एकाच वेळी करावे. ऊन अडवायच्या झडपा, हाताने धरायच्या मुठी आणि खांबांवरची प्लास्टिकची झाकणेही पुसावीत. अनेक गाड्यांत या झाकणांच्या आत एअरबॅग असते. तशी खूण असेल तिथे वरून पुसावे, झाकण उघडू नये आणि आत पाणी जाऊ देऊ नये.

पायरी तिसरी: काचा, प्लास्टिक आणि सीटबेल्ट

काचांच्या आतल्या बाजूचा धूसर थर रात्री समोरून प्रकाश आला की चमकतो. त्यामुळे ही सफाई सुरक्षिततेचीही आहे. व्हिनेगरच्या पाण्याने दोनदा आणि कोरड्या कापडाने एकदा पुसावे. काच पूर्ण वर असताना एकदा आणि दोन बोटे खाली घेऊन वरच्या कडेला एकदा. ही कड नेहमी राहून जाते.

डॅशबोर्ड, स्टिअरिंग, गिअरची मूठ आणि दारांची पॅनेल साबणाच्या पाण्याने मऊ ब्रश लावून साफ करावीत. साबण जास्त घातल्याने काम लवकर होत नाही. उलट चिकट थर राहतो आणि काळ्या मातीची धूळ त्यावर बसते. स्क्रीनवर व्हिनेगर वापरू नये, नुसते ओलसर कापड पुरेसे आहे.

सीटबेल्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. तो छातीजवळ, नाकाच्या अगदी खाली असतो आणि त्याचे विणलेले कापड धूर भरपूर शोषते. पट्टा पूर्ण बाहेर ओढावा, आत जाऊ नये म्हणून वर चिमटा लावावा, साबणाच्या सौम्य पाण्याने दोन्ही बाजू पुसाव्यात आणि मग साध्या पाण्याने. पूर्ण वाळल्याशिवाय तो आत सोडू नये. ब्लीच किंवा तीव्र रसायन पट्ट्याला लावू नये. त्याने धागे कमकुवत होतात आणि अपघाताच्या वेळी तोच धागा उपयोगी पडायचा असतो.

पायरी चौथी: सीट आणि गालिचा

आदल्या रात्री सीट आणि गालिच्यावर कोरडा खाण्याचा सोडा हलका भुरभुरावा. छोट्या गाडीला अर्धा किलो पुरतो. सकाळी व्हॅक्यूमने तो पूर्ण काढावा. सोडा थोडा वास शोषतो. पण खोलवर मुरलेला थर तो ओढून आणत नाही, त्यामुळे त्यावरच भिस्त ठेवू नये. सीटबेल्टच्या कुलपात आणि सीट सरकण्याच्या पट्टीत तो जाऊ देऊ नये.

मग ओले काम. साबणाच्या पाण्याचा फक्त फेस घ्यावा, पाणी नव्हे. ब्रशने एका वेळी एक भाग घासावा आणि लगेच कोरड्या कापडाने दाबून ओलावा टिपावा. त्यानंतर व्हिनेगरच्या पाण्याचे कापड आणि शेवटी साध्या पाण्याचे. पाणी ओढून घेणारे ओले व्हॅक्यूम असलेल्या सेंटरमध्ये हे काम जास्त चांगले होते, कारण घाण पाण्यासोबत बाहेर ओढली जाते. मशिनच्या टाकीत जमलेले पाणी पाहावे. ते चहासारखे येत असेल, तर आणखी एक फेरी हवी. स्वच्छ येऊ लागले की थांबावे.

सीटचा स्पंज भिजवणे ही सर्वांत मोठी चूक. वरचे कापड दोन तासांत वाळते, आतला स्पंज दोन दिवसही ओला राहतो आणि मग सिगारेटच्या जागी बुरशीचा कुबट वास बसतो. म्हणून हे काम मार्च ते मेच्या कोरड्या हवेत करावे. दारे उघडी ठेवून गाडी सावलीत, वाऱ्याला किमान पाच-सहा तास वाळवावी. नंतर सीटवर कोरडे कापड ठेवून गुडघ्याने दाबून पाहावे. कापड ओले झाले, तर आत पाणी आहे. पावसाळ्यात सीट धुण्याचा मोह टाळावा. सीटखालच्या वायरींवर पाणी पडू देऊ नये, त्यांचे कनेक्टर ओढून काढू नयेत. त्यातल्या काही वायरी एअरबॅगच्या असतात.

पायरी पाचवी: एसी आणि हवेच्या जाळ्या

सिगारेट ओढणारा बहुतेक वेळा एसीही सुरू ठेवतो आणि आतलीच हवा फिरवण्याचे बटण दाबलेले असते. म्हणजे धुराने भरलेली हवा पुन्हा पुन्हा कूलिंग कॉइलवरून फिरते. ही कॉइल थंड आणि ओली असते, तिचे पापुद्रे एकमेकांना अगदी चिकटून असतात. धुराचे कण तिथे अडकतात. वरून वऱ्हाडातली काळ्या मातीची बारीक धूळ त्यात मिसळते आणि ओल्या लगद्यासारखा थर तयार होतो.

आधी एसीचा फिल्टर काढावा. बहुतेक गाड्यांत तो डाव्या बाजूच्या खणामागे असतो. खणाच्या दोन्ही बाजू आत दाबल्या की तो खाली उतरतो आणि मागे फिल्टरची पट्टी दिसते. काही गाड्यांच्या स्वस्त मॉडेलमध्ये ही जागा रिकामीच असते, तर काही गाड्यांत फिल्टर दुसरीकडे असतो. गाडीच्या पुस्तिकेत ते दिलेले असते. जुना फिल्टर नाकाजवळ धरून पाहावा. सिगारेटचा वास तिथे स्पष्ट येईल. कागदी फिल्टर धुवून परत लावू नये. तो बदलायचा असतो, पण लगेच नाही. नवा फिल्टर कॉइल साफ झाल्यावरच बसवावा.

जाळ्यांची पाती कापड गुंडाळलेल्या ब्रशने पुसावीत. आतल्या नळ्यांपर्यंत हात पोचत नाही. कॉइलसाठी गाडीच्या एसीचा फेस असलेला क्लीनर वापरावा. घरातल्या एसीसाठी मिळणारी तीव्र रसायने ॲल्युमिनियमला खातात. इंजिन आणि पंखा बंद ठेवून, डब्यासोबतच्या बारीक नळीने, डब्यावर सांगितल्याप्रमाणे फेस कॉइलवर सोडावा. नळीचे टोक कुठे जाते हे नीट माहीत नसेल, तर हे काम एसी मेकॅनिककडून करून घ्यावे. पंख्याच्या मोटारीवर फेस गेला, तर वेगळाच खर्च उभा राहतो. १०-१५ मिनिटांनी फेस विरघळून गाडीखालच्या नळीतून गढूळ पाणी टपकू लागते. काम योग्य जागी झाल्याची हीच खूण. काहीच टपकले नाही, तर ती नळी तुंबलेली असण्याची शक्यता जास्त. ती आधी मोकळी करून घ्यावी, नाहीतर पाणी आत गालिच्यावर येते.

त्यानंतर काचा उघड्या ठेवून, एसी न लावता, बाहेरची हवा घेऊन पंखा पूर्ण वेगाने १५ मिनिटे चालवावा. कॉइल वाळली की नवा फिल्टर बसवावा. शक्य असेल तर सक्रिय कोळशाचा थर असलेला घ्यावा, तो काही प्रमाणात वासही शोषतो. फिल्टरवरच्या बाणाची दिशा तपासावी. चुलीतला कोळसा गाडीत ठेवून असा परिणाम मिळत नाही. सक्रिय कोळशाला सूक्ष्म छिद्रांमुळे जी शोषण्याची ताकद येते, ती साध्या कोळशात फारच कमी असते.

ओझोन मशिन लावावे का?

अनेक सेंटरमध्ये सध्या ‘अर्ध्या तासात वास गायब’ म्हणून ओझोन मशिन लावतात. ओझोन वासाच्या रेणूंवर प्रक्रिया करतो, हे खरे. पण थर जागेवर असताना तो फक्त वरवर काम करतो, खालून वास पुन्हा येतो. शिवाय ओझोन आणि निकोटिन यांच्या प्रक्रियेतून फॉर्मल्डिहाइडसारखे त्रासदायक पदार्थ आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. ओझोन स्वतः फुप्फुसांना घातक आहे आणि जास्त वेळ राहिला तर रबरही तडकवतो.

म्हणून ओझोन वापरायचाच असेल, तर वरच्या पाचही पायऱ्या झाल्यावर, उरलेल्या किरकोळ वासासाठी. मशिन चालू असताना गाडीत माणूस किंवा प्राणी असता कामा नये. नंतर सगळी दारे उघडून गाडी चांगली तासभर वाऱ्याला ठेवावी. दमेकरी व्यक्तीला त्याच दिवशी त्या गाडीत बसवू नये.

वास गेला, हे कसे ओळखायचे?

सुरुवातीच्या कुटुंबाकडे परत जाऊ. त्यांनी शनिवारी सकाळी गाडी रिकामी करून छत, काचा आणि प्लास्टिक केले. रात्री सोडा टाकला, रविवारी सीट केल्या आणि संध्याकाळपर्यंत वाळवल्या. सोमवारी मेकॅनिककडे एसीची कॉइल करून फिल्टर बदलला. मंगळवारी गाडीत व्हिनेगरचा हलका वास होता, गुरुवारपर्यंत तोही गेला. पण काम झाले की नाही, याचा निकाल तेव्हा लागत नाही. आठवडाभराने पुन्हा त्याच तीन चाचण्या कराव्या लागतात.

समजा, पांढरे कापड काचेवर स्वच्छ आले, एसीचा भपका गेला, पण उन्हाच्या चाचणीत थोडा वास उरला. मग साठा कापडात आहे. छत आणि सीटची दुसरी फेरी करायची. तोच थर दोन-तीन फेऱ्यांत सुटणे साहजिक आहे. उलट, उन्हात वास नाही पण एसी सुरू करताच येतो, तर कॉइल पुन्हा करायची. पहिल्या पावसात वास आला, तर गालिच्याखालचा नमदा तपासायचा.

दुसऱ्या फेरीनंतरही उन्हात वास तसाच असेल, तर थर छताच्या स्पंजमध्ये किंवा सीटच्या आत मुरलेला आहे. तिथे पुसणे संपते आणि बदलणे सुरू होते. आधी छताचे कापड, मग सीटचे कापड आणि स्पंज. अनेक वर्षे रोज सिगारेट ओढलेल्या गाडीत वास खूप कमी होतो, पण कडक उन्हात त्याची पुसट खूण राहू शकते. गॅरेजवाल्याने कॉइलसाठी पूर्ण डॅशबोर्ड उतरवायला सांगितले, तर आधी तिसरी चाचणी त्याच्यासमोर करून वास खरोखर जाळीतूनच येतो, याची खात्री करावी.

पुढे काय पाळायचे?

मुक्कामाला पोचण्याआधी दोन-तीन मिनिटे एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवला, तर कॉइल वाळते आणि तिच्यावर वास धरत नाही. गाडीत एक जरी सिगारेट ओढली गेली, तरी थर पुन्हा चढायला सुरुवात होते. काच उघडी ठेवूनही तो टळत नाही.

आणि जुनी गाडी घ्यायची असेल, तर ती दुपारी पाहावी. विक्रेत्याला आधीच सांगावे, की गाडी दोन तास काचा बंद करून उन्हात उभी ठेवा आणि आतले फ्रेशनर काढा. खिशात एक ओले पांढरे कापड न्यावे. दार उघडल्यावरचा पहिला श्वास आणि काचेवरून फिरवलेले ते कापड जे सांगेल, ते पाहून भाव ठरवावा. वास निघालाच, तर दोन-तीन दिवसांची मेहनत, नवा फिल्टर आणि कदाचित छताचे कापड, हा खर्च सौद्यातच वजा करून मागता येतो.